तीन खोल्या आणि अक्काची जीभ

नाव मोठं, लक्षण खोटं ही म्हण शाळेत सगळेच शिकतात. माझ्या सख्ख्या बहिणीच्या फाटकावर ती पाटी होऊन लटकेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. चकचकीत काळी पाटी, तिच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं, आणि त्या नावात 'लक्झरी' आणि 'रिट्रीट' हे दोन्ही शब्द. फाटकाच्या आत माझी अक्का, निवृत्त गणित शिक्षिका, सुती साडीत वालपापडी निवडत बसलेली.

घर कन्नड मुलखातल्या मोठ्या शहरात, राजाजीनगरात. खाली अक्का राहते, वर तीन खोल्या. मेहुणे गेल्यावर वरचा मजला नुसता पडून होता. तेव्हा तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, तिथे होमस्टे काढून दिला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहतो, तिथल्याच एका टेक पार्कमध्ये नोकरी करतो. आई गुंतून राहील, चार माणसं घरात येतील-जातील, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता, त्यात मी खोट काढणार नाही. खोट होती ती त्यानं सजवलेल्या सोंगात.

फोटो काढायला त्यानं कुणा हौशी मित्राला आणलं. त्यानं असं भिंग लावलं की अक्काच्या खोल्या लग्नाच्या हॉलएवढ्या दिसायला लागल्या. पलंगावर भाड्याच्या उशा, खिडकीला दिव्यांच्या माळा, एका टेबलावर वाइनचे दोन ग्लास. अय्यो! आमच्या घरात वाइनचे ग्लास! ते बघून अक्कानं मला एवढंच विचारलं, "यात ताक प्यायचं काय?"

मग जे व्हायचं तेच झालं. फोटो बघून येणारी जोडपी मजा करायला यायची आणि त्यांना भेटायचा मोझॅकचा जिना, बादली-मग, पहाटेची पूजेची घंटा आणि दारात अक्का. "चपला बाहेर काढा." झालं, सुट्टीचा तिथेच खिमा. शेरे यायला लागले. 'फोटोत वेगळं, प्रत्यक्षात वेगळं.' 'मालकीणबाई कडक आहेत.' कुणी दोन तारे, कुणी तीन. अक्कानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर मार्क दिले, आणि आता कोणीही उठून तिला मार्क देत होतं, तेही नापासाचे.

भाच्यानं एका रविवारी येऊन सांगितलं, "आई, बंद करूया. उगाच मनस्ताप. माझ्याकडे ये, तुझी खोली तयार आहे." तो प्रेमानंच म्हणाला. अक्का म्हणाली, "पाडव्याला सांगते." तो गेल्यावर माझ्याकडे वळली. "त्याच्याकडे मी राहीन गं, सून चांगली आहे. पण तिथं मी पाहुणी. इथं माझ्याकडे पाहुणे येतात." अक्का मनातलं असं सांगत नाही कधी. मी समजले. पाडव्यापर्यंत हे घर नीट उभं राहिलं तर अक्का स्वतःच्या घरात राहणार, नाहीतर कुलूप लागणार. आणि अक्का एकदा शब्द देऊन बसली की फिरवत नाही, हे मला तिच्या हाताखाली पाढे म्हटल्यापासून माहीत आहे.

आता माझं सांगते. मी दोन गल्ल्या सोडून राहते, आणि नोकरीची सगळी वर्षं गेली ती एका छोट्या जाहिरात कंपनीत. उदबत्तीची खोकी, लोणच्याच्या बाटल्या, मसाल्यांची पाकिटं, यांच्यावर काय लिहायचं आणि काय चित्र काढायचं, हे माझं काम. त्यात मी एक गोष्ट शिकले. खोक्यावर मोगरा असेल तर काडी पेटवल्यावर मोगराच यायला हवा. चंदन आलं तर चंदन कितीही उत्तम असो, गिऱ्हाईक म्हणणार फसवलं. अक्काच्या घरात चंदन होतं आणि खोक्यावर भलतंच काहीतरी.

मी आधी जुने शेरे काढून बसले. वाईट नव्हे, चांगले. थोडेच होते. पण बघते तर काय, सगळे एकाच जातीच्या माणसांचे! जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत माल तपासायला आलेले इंजिनियर, मुलाला भेटायला आलेले आईवडील, परीक्षेला आलेली एक मुलगी आणि तिचे काका. त्यांनी काय लिहिलं होतं? न्याहारी वेळेवर. खोली स्वच्छ. रात्री शांत. आणि दोघांनी एक गोष्ट आवर्जून लिहिली होती: दारात उन्हातून आल्यावर मिळालेला गुळाचा खडा आणि तांब्यातलं पाणी.

गूळपाणी आमच्याकडे हवं का म्हणून विचारायचं नसतं, ते दिलंच जातं. आईकडून अक्काकडे आलेलं. उत्तरेकडच्या सीमाभागातले लोकही देतात, शेजारचे कन्नड लोक बेल्ल-नीरु म्हणतात. कुरियरवाला आला तरी अक्का आधी गूळ पुढे करते, मग सही. भाच्यानं पाहुण्यांसाठी रंगीत सरबताची बाटली आणून ठेवली होती, ती तशीच फ्रिजमध्ये पडून होती.

"अक्का, घराचं नाव गूळपाणी," मी म्हटलं.

"हे काय नाव झालं? भाजीचं वाटतं."

"लक्झरी रिट्रीट कशाचं वाटतं?"

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. म्हणजे सरी, कबूल.

पण मी नाव असंच ठेवत नाही. आधी तपासलं. रिक्षावाल्याला म्हणायला लावलं, इस्त्रीवाल्याला, एका तमिळ पाहुण्याला. सगळ्यांच्या तोंडात बसलं. अर्थ कळला नाही तरी बिघडत नव्हतं, कारण अर्थ दारातच हातात पडणार होता. खाली एक ओळ जोडली: 'राजाजीनगरात एका शिक्षिकेच्या घरातल्या तीन खोल्या.' बस्स. बुटिक नाही, लक्झरी नाही. मग एकाच दिवशी सगळीकडे नाव बदललं. फाटकावर, बुकिंगच्या साइटवर, मॅपवर, बिलावर. अर्धं इथे जुनं, अर्धं तिथे नवं असं झालं की माणूस गल्लीत उभा राहून विचारतो, हेच का ते?

फोटोंसाठी मी आमच्या ऑफिसातल्या जुन्या फोटोवाल्या अण्णांना बोलावलं. निवृत्त झालेत, पण हात तोच. त्यांना मी एकच नियम सांगितला: जे खोलीत नाही ते फोटोत नको, आणि ज्यानं पाहुणा दचकेल ते फोटोत हवंच. त्यांनी कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर धरला. सकाळी खिडकीतून जो उजेड येतो तेवढाच घेतला. जिन्याचा फोटो काढला, बादली-मगाचाही. अक्का वैतागली. "न्हाणीघराचा फोटो जगाला दाखवायचा?"

"अक्का," अण्णा म्हणाले, "जग तिथंच आंघोळ करणार ना?"

पहिला फोटो कुठला ठेवायचा यावर मात्र आमचं वाजलं. लोक पहिला फोटो बघूनच आत येतात किंवा पुढे जातात, म्हणून तो नेमका हवा. अण्णांना खोली हवी होती. मला अक्काचा हात हवा होता: पितळी वाटीत गूळ, शेजारी तांब्या, मागे उघडं दार. शेवटी माझा जिंकला. का जिंकणार नाही? वाद घालण्यात मी अक्काचीच बहीण.

मग खोल्या. भाड्याच्या उशा, माळा, ग्लास, भिंतीवरचं 'लिव्ह लव्ह' का काय ते, सगळं गेलं. मोठ्या दुकानातून नवं काही आणलं नाही. घरातलीच जाड चादर, इळकलच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या. प्रत्येक खोलीत झाकणाची पितळी वाटी, तिच्यात गूळ, आणि पाण्याचा तांब्या. टेबलावर फळ्यासारखी एक छोटी पाटी, तिच्यावर अक्का रोज खडूनं न्याहारी लिहिणार. तिचं अक्षर! छापलेल्या पुस्तकानं मान खाली घालावी असं अक्षर. ते मी फोटोतही घेतलं, कारण पाहुण्याला फोटोत दिसलेलं अक्षर खोलीत भेटलं की त्याला घर ओळखीचं वाटतं.

हे सगळं झालं आणि मी खूश. पीण्याचे लोक यायला लागले, आईवडील यायला लागले. मजा करणारी जोडपी आपोआप दुसरीकडे गेली, त्यांचंही भलं, आमचंही. सरासरी काही लगेच चढत नाही, जुने दोन तारे पायात बेडीसारखे असतात. पण नवे शेरे वर दिसतात, आणि ते चांगले होते. चांगले, पण पूर्ण नाहीत. पाचाच्या जागी चारच. का ते कळेना.

कळलं ते कोल्हापूरच्या एका बाईंमुळे. पीण्यात पंपाचे भाग तपासायला आलेल्या इंजिनियर. दुपारी फाटकातून आत आल्या, अक्कानं दार उघडलं, "चपला बाहेर, बॅग तिथं ठेवा, हे घ्या," म्हणून गूळपाणी दिलं. बाई पाणी प्याल्या, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "त्या मेसेज करणाऱ्या कुठे आहेत?"

"कोण मेसेज करणाऱ्या?"

त्यांनी फोन पुढे केला. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. 'हाय देअर! तुमचं स्वप्नवत घरटं तुमची वाट बघतंय!' पुढे हसरे चेहरे, फुगे, हृदयं. खाली आणखी एक: 'आम्हाला पाच तारे द्यायला विसरू नका हं!' मेसेज भाचा पाठवत होता. पहिल्यापासून. ऑफिसातून, कुठूनतरी घेतलेला तयार मजकूर, बुकिंग आलं की आपोआप जाणारा. नाव, फोटो, खोल्या, सगळं मी बदललं, आणि पाहुण्याशी पहिलं बोलायचं तोंडच दुसऱ्याचं राहिलं होतं.

बाईंनी जाताना शेरा लिहिला. खोली उत्तम, न्याहारी उत्तम. 'पण मेसेज करणारी व्यक्ती आणि दार उघडणारी व्यक्ती, ही दोन वेगळी घरं वाटतात.' चार तारे. मला त्या बाईंचा हेवा वाटला. एवढं नेमकं वाक्य मला सुचायला हवं होतं.

मी लगेच भाच्याला फोन लावला, स्पीकरवर, कारण हातात पोळीचं पीठ होतं. "मेसेज आता आईच पाठवेल," म्हटलं.

"मावशी, अगं नको. आईचं बोलणं तुला माहीत आहे ना? तोडून बोलते. लोक घाबरतील. म्हणून तर मी गोड लिहितो."

मागं वळून बघते तर दारात अक्का. हातात वाळलेले कपडे. तिनं ऐकलं होतं. कपड्यांच्या घड्या घातल्या, एकावर एक ठेवल्या, आणि म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. बंद करू. पाडव्याची वाट कशाला?"

मला इतका राग आला की बोलू नये. भाच्याचा थोडा, पण जास्त अक्काचा. आख्ख्या शाळेला जिच्या आवाजानं ओळ लागायची, ती बाई स्वतःच्या मुलाच्या एका वाक्यानं खाली बसली. मी म्हटलं, "तुझी शाळेतली मुलं घाबरत होती का गं तुला?"

"घाबरायचीच."

"आणि अजून लग्नाच्या पत्रिका घेऊन कोण येतं? ती घाबरलेलीच ना? घाबरून कोणी इतक्या वर्षांनी पत्रिका घेऊन येत नाही, अक्का."

मी ताटात वालपापडी ओतली आणि तिच्यापुढे सरकवली, कारण अक्काचे हात चालले की तोंड चालतं. मग विचारलं, "समज, उद्या वर्गात नवीन आलेल्या मुलाचे वडील पहिल्यांदा तुझ्या घरी येणार आहेत. त्यांना काय सांगशील?"

शेंगा मोडत मोडत ती बोलली आणि मी टाइप करत गेले. एक शब्द बदलला नाही. जाहिरातीत आयुष्य गेलेल्या बाईनं एक शब्द न बदलणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत!

बुकिंग झाल्यावर जाणारा: 'तुमची खोली पक्की. मी निवृत्त गणित शिक्षिका, खाली राहते. खोल्या वर आहेत. लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर आत्ताच सांगा, पैसे परत देईन.'

आदल्या दिवशीचा: 'उद्या किती वाजता येणार? मॅप मागच्या गल्लीत सोडतो, त्याचं ऐकू नका. देवळाकडून डावीकडे वळा. हिरवं फाटक. जोरात ढकला. शेजारचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.'

मुक्कामातला: 'न्याहारी सातला. आज अक्की रोटी, म्हणजे तांदळाची भाकरी. लवकर निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी सांगा, डबा देते. उपाशी जायचं नाही.'

आणि निघाल्यानंतरचा. इथं मी मुद्दाम विचारलं, तारे द्या वगैरे काही घालायचं का? अक्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सातवीत गेले. "मार्क मागायचे असतात काय? लिही, पोचलात का, कळवा." एवढाच. 'पोचलात का? कळवा.'

इंग्रजीत पाठवायचे ते इंग्रजीतच लिहिले, पण इंग्रजीही अक्काचंच, वर्गातलं, छोट्या छोट्या वाक्यांचं. खाली नाव नाही, फक्त 'शिक्षिका, गूळपाणी'. भाच्याला मी कळवलं की आपोआप जाणारं सगळं बंद कर. तो चिडला, पण केलं. माझ्या तोंडाला तोही घाबरतो.

आणि मग जे झालं ते सांगताना मला आजही छाती फुगवावीशी वाटते. लोक उत्तरं द्यायला लागले! पूर्वी त्या फुग्यांना कोणी उत्तर देत नसे. आता 'गुडघे ठीक आहेत मॅडम.' 'कुत्रा भेटला, खरंच चावला नाही.' आणि शेवटच्या मेसेजला तर प्रत्येकाचं उत्तर. 'पोचलो.' 'घरी पोचलो, आईला तुमच्याबद्दल सांगितलं.' एका गृहस्थांनी विमानतळावरून लिहिलं की विमान उशिरा आहे, पोचलो की कळवतो, काळजी करू नका. अक्का संध्याकाळभर फोन जवळ घेऊन बसली होती. शेवटी 'पोचलो' आलं तेव्हा म्हणाली, "स्वल्प लवकर सांगायला काय झालं होतं?" आणि मग जेवली.

कडक मालकीणबाई हेच आता लोक कौतुकानं लिहायला लागले. आधी दोष होता तो गुण कसा झाला? अक्का तीळभर बदलली नव्हती. पाहुण्याला बुकिंगच्या क्षणापासून तीच भेटत होती, म्हणून दारात ती भेटल्यावर धक्का बसत नव्हता, उलट ओळख पटत होती. कोल्हापूरच्या बाई पुन्हा आल्या. दार उघडायच्या आधीच त्यांनी चपला काढल्या होत्या. अक्का म्हणाली, "शहाणी आहेस." बाईंना पदक मिळाल्यासारखं झालं. लवकरच अक्का मेसेज स्वतःच टाइप करू लागली, एका बोटानं, पण व्याकरण बिनचूक. मला काही काम उरलं नाही, आणि इतक्या आनंदानं मी कुठल्याच कामातून बाहेर पडले नव्हते.

पाडवा आला. आदल्या दिवशी भाच्याचा मेसेज आला, आम्ही सगळे येतो, राहतो, निवांत बोलू. काय बोलायचं ते तिघांनाही माहीत होतं. अक्कानं चष्मा लावला आणि टाइप केलं: 'या. तिन्ही खोल्या भरल्या आहेत. सून आणि नात माझ्या खोलीत. तू हॉलमध्ये. येताना आंब्याची पानं आण.'

सकाळी ते तिघं आले, त्याच्या हातात आंब्याची पानं. हॉलमध्ये पाहुणे न्याहारीला बसले होते, पीण्याला जाणारे दोघे आणि हुबळीहून मुलीकडे आलेलं एक म्हातारं जोडपं. सणाच्या दिवशी घर भरलेलं, वर खाली चालू, अक्का तव्यापाशी. भाच्याला बसायला खुर्ची उरली नाही, म्हणून तो ताट घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. हुबळीच्या आजोबांनी त्याच्याकडे बघून प्रेमानं विचारलं, "पहिल्यांदाच आलात काय इथं?"

मला हसू आवरेना. तो लाल झाला. "नाही, मी... मुलगा आहे त्यांचा."

"अरे! मग ते मेसेज तुम्ही लिहिता होय? आमची ही सगळे जपून ठेवते."

भाच्यानं ताटाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. "नाही हो," तो म्हणाला, आणि मोठ्यानं म्हणाला, आत ऐकू जाईल इतक्या, "ते माझ्या आईचं बोलणं आहे. आई अशीच बोलते."

तव्याचा आवाज क्षणभर थांबला. मी तिथंच उभी होते आणि सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कांद्याचं निमित्तही नव्हतं. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की मी भाच्यावरचा सगळा राग तिथल्या तिथे सोडून दिला.

दिवसभर तो बोलायचं ते बोललाच नाही. मारतहळ्ळीतल्या खोलीचा विषय काढला नाही, अक्कानंही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गाडीत बसला, परत उतरला आणि फाटकापाशी येऊन उभा राहिला, कॉलेजातल्या पोरानं अर्ज घेऊन यावं तसा.

"आई, पुढच्या महिन्यात माझ्या टीममधल्या एकाचे आईवडील येताहेत. साधी माणसं आहेत. तुझ्याकडे खोली मिळेल का?"

अक्कानं हात पदराला पुसले. "तारीख कळव, बघून सांगते. ज्यांनी आधी मागितली त्यांना आधी."